रेस्टॉरंटच्या कॅप्टनला द्यायचा लेखी अभिप्राय

व्यावसायिक संवाद या विषयात कामगिरीचा लेखी अभिप्राय हा एक छोटा घटक असतो. उदाहरण म्हणून या टिपणात रेस्टॉरंटचा कॅप्टन घेतला आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी कॅप्टनला काम करताना पाहिले आहे, त्यामुळे प्रसंग डोळ्यांसमोर आणणे सोपे जाते. शिवाय त्याच्या कामातला बराच भाग घड्याळावर आणि बिलिंगच्या यंत्रावर नोंदला जातो, म्हणून लिहिलेले वाक्य खरे की खोटे हे तपासता येते.

हा स्वाध्याय वर्गात दिला की निम्म्याहून अधिक उत्तरांत पुढच्यासारखे वाक्य येते: "आपली पाहुण्यांशी वागणूक चांगली आहे, परंतु सेवेत विलंब होतो. तरी आपण वेळेचे भान ठेवावे व अधिक काळजी घ्यावी." व्याकरण बिनचूक आहे आणि भाषा सभ्य आहे. तरीही हे वाचून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅप्टनने नेमके काय वेगळे करायचे, हे त्याला कळत नाही. महिन्यानंतर त्याने काळजी घेतली की नाही, हे मॅनेजरलाही सांगता येणार नाही.

कॅप्टनच्या हातात काय असते

मध्यम आकाराच्या रेस्टॉरंटमध्ये मॅनेजरच्या खाली कॅप्टन आणि कॅप्टनच्या खाली स्टुअर्ड असतात. टेबलांचा एक भाग, म्हणजे सेक्शन, एका कॅप्टनकडे असतो. पाहुण्यांची ऑर्डर घेणे, तिची केओटी म्हणजे किचन ऑर्डर टिकिट काढणे, स्टार्टर संपत आले की मुख्य जेवण मागवणे, स्टुअर्डना कामे वाटून देणे, तक्रार आली तर पहिल्यांदा तिला सामोरे जाणे आणि शेवटी बिल, एवढे त्याच्याकडे असते. पदार्थाची चव, मेनूतले दर, तंदूरचा वेग, एसीचा गारवा या गोष्टी त्याच्याकडे नसतात. पाहुण्याला मात्र समोर तोच दिसतो, म्हणून सगळा राग त्याच्यावर निघतो. अभिप्राय लिहिणाऱ्याने हा राग जसाच्या तसा कागदावर उतरवला, तर तो कॅप्टनच्या कामाविषयी काहीच सांगत नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी प्रत्येक तक्रारीला एकच प्रश्न विचारायचा: यातला कोणता भाग कॅप्टनच्या हातात होता? "जेवण उशिरा आले" या तक्रारीचे तुकडे करून पाहू.

एक प्रसंग, तुकड्यांत

समजा, अठरा टेबलांचे एक कुटुंबवत्सल रेस्टॉरंट आहे. चार ते नऊ क्रमांकांची टेबले एका कॅप्टनकडे आहेत. आपण त्याला महेश म्हणू. नावे आणि आकडे उदाहरणापुरते आहेत. शनिवारी, 14 तारखेला, चार नंबरच्या टेबलाने 8:48 ला ऑर्डर दिली आणि पहिले स्टार्टर 9:19 ला टेबलावर आले. एकतीस मिनिटे लागली आणि पाहुण्यांनी दोनदा विचारणा केली.

बिलिंग यंत्रात चार नंबरची केओटी 8:57 ला निघालेली दिसते. म्हणजे एकतीसपैकी नऊ मिनिटे ऑर्डर महेशच्या पॅडवरच होती आणि किचनला तिचा पत्ताही नव्हता. उरलेली बावीस मिनिटे किचनची आहेत. इथे एक मर्यादा लक्षात घ्या. केओटी कधी निघाली हे यंत्राला माहीत असते, पाहुणा कधी बोलला हे माहीत नसते. 8:48 ही वेळ मॅनेजर तिथे उभा होता म्हणून मिळाली. नुसत्या संगणकाच्या अहवालावर भिस्त ठेवली असती, तर महेशचा वाटा शून्य दिसला असता आणि सगळा दोष किचनवर गेला असता.

त्याच अहवालात आणखी एक खूण सापडते. चार, सहा आणि सात या तीन टेबलांच्या केओटी अनुक्रमे 8:57, 8:58 आणि 8:58 ला निघाल्या आहेत. तीन वेगवेगळ्या टेबलांनी एकाच मिनिटात ऑर्डर देणे क्वचित घडते. म्हणजे महेश एकामागून एक तीन टेबलांच्या ऑर्डर पॅडवर घेत गेला आणि नंतर काउंटरवर जाऊन तिन्ही एकदम यंत्रात घातल्या. ऑर्डरचा असा गठ्ठा किचनलाही महागात पडतो. तंदूरमध्ये एका वेळी ठरावीकच सळया बसतात. तीन टेबलांचे टिक्के आणि कबाब एकाच वेळी आले की शेवटच्याला थांबावेच लागते. त्यामुळे किचनच्या बावीस मिनिटांतलाही काही भाग गठ्ठ्याचा आहे, पण तो किती हे सांगता येत नाही. जे मोजता येत नाही ते अभिप्रायात आरोप म्हणून लिहू नये. नऊ मिनिटे मोजता येतात, तेवढीच लिहावीत.

एकदा घडले म्हणजे सवय नव्हे. म्हणून मॅनेजरने दोन आठवड्यांतल्या शुक्रवार-शनिवारच्या चार रात्रींचा, रात्री 8 ते 10 या वेळेतला अहवाल काढला. महेशच्या 52 केओटी निघाल्या होत्या. दोन मिनिटांच्या आत तीन किंवा अधिक टेबलांच्या केओटी निघाल्या तर त्याला एक गठ्ठा म्हणायचे असे ठरवले, तेव्हा असे सहा गठ्ठे सापडले आणि त्यांत 19 केओटी होत्या. याच चार रात्री दुसऱ्या कॅप्टनच्या 49 केओटींत एकच गठ्ठा होता.

इथे थांबून "महेश ढिला, दुसरा चोख" असे लिहिण्याचा मोह होतो. पण दुसऱ्या कॅप्टनचे सेक्शन काउंटरला लागून आहे आणि महेशचे सेक्शन दालनाच्या दुसऱ्या टोकाला आहे. यंत्र एकच आहे आणि ते काउंटरवर आहे. प्रत्येक केओटीसाठी महेशला सेक्शन सोडून पूर्ण दालन ओलांडावे लागते, आणि तेवढा वेळ त्याच्या सहा टेबलांकडे कोणी पाहत नाही. खेपा वाचवण्यासाठी तो ऑर्डर साठवतो. पाहुण्यांजवळ थांबण्याची त्याची जी सवय एरवी आपण वाखाणतो, तिच्यातूनच ही चूक निघते. हे कारण अभिप्रायात आले नाही, तर महेश मनातल्या मनात म्हणेल, "यांना माझ्या चालण्याचा हिशेब दिसत नाही." आणि मग पुढचा कागद तो मनापासून वाचणार नाही.

कारण सांगितले म्हणजे चूक माफ झाली असे मात्र नाही. एका टेबलाची ऑर्डर घेऊन स्टुअर्डच्या हाती चिठ्ठी काउंटरवर पाठवणे त्याला शक्य होते. तेवढा भाग त्याचाच.

कौतुकाचे काय करायचे

कौतुक, मग टीका, मग पुन्हा कौतुक अशी सँडविच पद्धत अनेक पुस्तकांत सांगितलेली असते. मला ती पटत नाही. दोन-तीनदा असा कागद हाती आला की माणूस पहिले वाक्य वाचतानाच "परंतु" कधी येतो याची वाट पाहू लागतो, आणि कौतुकाला काही किंमत राहत नाही. काही जणांच्या बाबतीत उलटे होते. शेवटचे गोड वाक्य तेवढे लक्षात राहते आणि मधली चूक निसटते.

कौतुकाला स्वतःचा परिच्छेद द्यावा आणि त्यात "पण", "परंतु", "मात्र" हे शब्द येऊ देऊ नयेत. कौतुकही चुकीइतकेच नेमके असावे: तारीख, टेबल, काय केले आणि त्याने काय साधले. "तुम्ही मेहनती आहात" हे कोणालाही लिहिता येते. "शनिवारी 7 तारखेला एक स्टुअर्ड आला नाही, तेव्हा तुम्ही नव्या मुलाला फक्त पाणी आणि टेबल आवरण्याचे काम दिले" हे फक्त महेशलाच लिहिता येते. शिवाय असे वाक्य वाचून पुढच्या वेळी पुन्हा काय करायचे हेही त्याला कळते.

क्रियापदे तपासा

मराठी कार्यालयीन लेखनात एक सोयीची सवय आहे. "काळजी घ्यावी", "भान ठेवावे", "दक्ष राहावे", "सुधारणा करावी" अशी क्रियापदे आपण सहज लिहितो. यांतले एकही क्रियापद डोळ्यांना दिसत नाही. कोणी भान ठेवताना तुम्ही पाहिले आहे का? "केओटी काढणे", "शेरा टाकणे", "टेबलाजवळ जाणे" ही मात्र दिसणारी कामे आहेत. "विलंब झाला", "केओटी उशिरा काढली गेली" अशा वाक्यांत काम करणारा गायब होतो. चूक सौम्य वाटावी म्हणून आपण तसे लिहितो, आणि मग वाचणारा विचारतो, "कोणाकडून?" त्यापेक्षा "तुम्ही केओटी 8:57 ला काढलीत" हे सरळ वाक्य कमी बोचते, कारण त्यात नुसती घटना आहे, शेरा नाही.

"निष्काळजी", "बेफिकीर", "नेहमीच", "कधीच नाही" हे शब्द गाळावेत. तिथे उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसालाही ते दिसले असते का, ही साधी कसोटी लावा. निष्काळजीपणा त्याला दिसला नसता, रिकामी शेऱ्याची जागा दिसली असती. समोरासमोर मॅनेजर महेशला "अरे महेश" म्हणत असेल, तरी कागदावर "तुम्ही" लिहावे आणि ते शेवटपर्यंत टिकवावे.

मसुदा

आता पूर्ण मसुदा वाचा. यातली दुसरी चूक जैन जेवणाविषयी आहे. ती वर आलेली नाही, तिच्याकडे विशेष लक्ष द्या.

"श्री. महेश यांस,

गेल्या दोन आठवड्यांतील तुमच्या कामाविषयी हा अभिप्राय आहे. शुक्रवार-शनिवारच्या चार रात्री (6, 7, 13 आणि 14 तारीख) मी पाहिलेले प्रसंग आणि बिलिंग यंत्राचा अहवाल यांवर तो आधारलेला आहे.

शनिवार, 7 तारखेला एक स्टुअर्ड गैरहजर होता. तुम्ही नव्या मुलाला फक्त पाणी देणे आणि टेबल आवरणे ही कामे दिलीत आणि पदार्थ स्वतः वाहिलेत. त्या रात्री तुमच्या सेक्शनमधून एकही तक्रार आली नाही. शुक्रवार, 13 तारखेला नऊ नंबरच्या टेबलावर डाळ खारट असल्याची तक्रार आली. तुम्ही वाद न घालता वाटी उचललीत, लगेच मला येऊन सांगितलेत आणि बिलातून ती वगळायची परवानगी घेऊन मगच पाहुण्यांना तसे सांगितलेत. तक्रार अशीच हाताळली जावी, आणि नव्या कॅप्टनला मी हेच उदाहरण सांगणार आहे.

दोन गोष्टी बदलायला हव्यात. पहिली केओटीची. शनिवार, 14 तारखेला चार नंबरच्या टेबलाची ऑर्डर तुम्ही 8:48 ला घेतलीत आणि केओटी 8:57 ला काढलीत. मधल्या वेळात तुम्ही सहा आणि सात नंबरच्या ऑर्डर घेतल्यात आणि तिन्ही केओटी दोन मिनिटांत निघाल्या. चार रात्रींत असे सहा वेळा झाले आहे. तुमचे सेक्शन काउंटरपासून सर्वांत लांब आहे आणि खेपा वाचवण्यासाठी तुम्ही असे करता, हे मला समजते. तरी चार नंबरच्या पाहुण्यांची नऊ मिनिटे यात गेली.

दुसरी गोष्ट जैन ऑर्डरची. शुक्रवार, 6 तारखेला पाच नंबरच्या टेबलाची पनीरची भाजी जैन हवी होती. तुम्ही ते किचनच्या पासवर तोंडी सांगितलेत, केओटीवर शेरा नव्हता. भाजी कांदा-लसणाच्या ग्रेव्हीत आली. पाहुण्यांनी खाण्यापूर्वी विचारले म्हणून ते कळले. नवी भाजी येईपर्यंत टेबलावरच्या इतरांचे जेवण संपत आले होते. 14 तारखेला आठ नंबरच्या ऑर्डरवरही शेरा नव्हता. ती चूक पासवर तुमच्याच लक्षात आली.

पुढच्या चार आठवड्यांसाठी दोन उद्दिष्टे ठेवू. एक: एका टेबलाची ऑर्डर घेतल्यावर, दुसऱ्याची घेण्यापूर्वी पहिल्याची केओटी निघालेली असेल. शुक्रवार-शनिवार मिळून गठ्ठा एकापेक्षा जास्त वेळा होऊ नये. यासाठी येत्या शुक्रवारपासून तुमच्या साइडबोर्डवर ऑर्डर घालायचा टॅब्लेट असेल. तो येईपर्यंत चिठ्ठी स्टुअर्डबरोबर काउंटरवर पाठवा, कॅशियर केओटी काढेल. दोन: जैन, कांदा-लसूण नको, अॅलर्जी अशी प्रत्येक सूचना केओटीच्या शेऱ्यात असेल, एकही अपवाद न करता. पासवरील शेफ तोंडी सूचना स्वीकारणार नाहीत आणि तशी आली तर वहीत नोंदवतील.

दर रविवारी लंचपूर्वी दहा मिनिटे आपण दोघे अहवाल आणि वही पाहू. तुमचे म्हणणे खालच्या जागेत लिहा. सही म्हणजे हा कागद मिळाल्याची पोच, मजकूर मान्य असल्याची नव्हे."

मसुद्यातल्या दोन गोष्टी

पहिल्या उद्दिष्टात एका गठ्ठ्याची सूट आहे, दुसऱ्यात सूट नाही. हे सहज झालेले नाही. तीन कुटुंबे एकदम आत आली तर तीन ऑर्डर एकदम येणे कॅप्टनच्या हाती नाही. शून्य गठ्ठे मागितले, तर तो पहिल्याच शनिवारी नापास होईल आणि उद्दिष्टावरचा त्याचा विश्वास उडेल. शेरा टाकणे मात्र गर्दीवर अवलंबून नाही, तिथे एका ओळीचे काम आहे. शिवाय चुकीची किंमतही वेगळी आहे. नऊ मिनिटांच्या उशिराने पाहुणा वैतागतो, कांदा-लसणाने त्याचा नेम मोडतो. अॅलर्जीच्या बाबतीत तर गोष्ट जिवाशी येऊ शकते. म्हणूनच अॅलर्जीची सूचना चुकली असेल, तर पंधरवड्याच्या अभिप्रायाची वाट पाहू नये. त्याच रात्री बोलावे आणि कागदावर नंतर नोंदवावे.

दुसरी गोष्ट, आकडा पाळण्यासाठी काम बिघडवता येते. गठ्ठा होऊ नये म्हणून महेश तिसऱ्या टेबलाकडे जाणेच लांबवू शकतो. केओटींच्या वेळा सुटसुटीत दिसतील आणि पाहुणा मेनू मिटवून बसून राहील. हे पकडायचे असेल तर टेबल उघडल्याची वेळ आणि त्याच टेबलाची पहिली केओटी यांतले अंतरही पाहावे लागते. पाहुणे बसताच काउंटरवरून टेबल उघडले जात असेल तरच ही वेळ विश्वासाची. काही ठिकाणी ऑर्डर घालतानाच टेबल उघडतात, तिथे हे अंतर नेहमी शून्यच दिसेल.

दर माणशी विक्री, गोड पदार्थांची विक्री अशी उद्दिष्टेही कॅप्टनला दिली जातात. पहिल्या अभिप्रायात ती घालू नयेत. दोन सवयी बदलायला सांगताना तिसरी गोष्ट विकायलाही सांगितली की तिन्ही अर्धवट होतात.

कागद कधी द्यावा आणि तो काय नाही

संध्याकाळच्या सेवेआधी सगळ्या स्टाफची ब्रीफिंग असते. तिथे हा कागद देऊ नये आणि त्यातले काही वाचूनही दाखवू नये, कौतुकसुद्धा त्याला विचारूनच. दुपारची सेवा संपून टेबले आवरली की तासभर शांतता असते, ती वेळ बरी. महेशला मराठी वाचायला सोपे जात नसेल, तर तो ज्या भाषेत वाचतो त्या भाषेत लिहावे. देशभरातल्या रेस्टॉरंटांत कॅप्टन आणि मॅनेजर अनेकदा वेगवेगळ्या राज्यांतून आलेले असतात, आणि कार्यालयाच्या भाषेतला कागद न वाचताच सही होऊन परत येतो.

हा कागद म्हणजे कारणे दाखवा नोटीस नव्हे. नोटीस शिस्तभंगाच्या कारवाईची पायरी असते. तिच्यात आरोप असतो आणि मुदतीत खुलासा मागितलेला असतो. अभिप्रायाच्या शेवटी "अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल" हे वाक्य जोडले की दोन्ही कागदांची सरमिसळ होते. ज्याला आपण चार आठवड्यांत शिकावे असे म्हणतो आहोत, तो त्या वाक्यानंतर स्वतःचा बचाव लिहायला बसतो. चार आठवड्यांनंतरही शेरा टाकला जात नसेल, तर वेगळा कागद, वेगळ्या शीर्षकाखाली लिहावा.

स्वाध्याय

शुक्रवारी 8:10 ला बारा नंबरच्या टेबलावर सहा जण बसले. टेबल 8:11 ला उघडले गेले, पहिली केओटी 8:26 ला निघाली, स्टार्टर 8:43 ला आले. पाहुण्यांनी जाताना मॅनेजरला सांगितले की सेवा फार मंद आहे आणि कॅप्टन उद्धट आहे. मॅनेजर त्या वेळी किचनमध्ये होता. कॅप्टनचे म्हणणे असे की पाहुण्यांचा सातवा सोबती यायचा होता आणि त्यांनीच थांबायला सांगितले. या प्रसंगातून अभिप्रायात लिहिता येण्यासारखे काय आहे, लिहिण्यापूर्वी कोणाला काय विचारावे लागेल, आणि "उद्धट" या शब्दाचे तुम्ही काय कराल, ते दीडशे शब्दांत लिहा.